पत्र त्यांचं, तपशील तुमचा

लग्नाच्या पत्रिकेवर नाव थोडं चुकलं म्हणून मांडवाच्या दारात कुणाला अडवत नाहीत. 'सहकुटुंब सहपरिवार' असं लिहिलेलं असताना आपण एकटेच गेलो, तरी पंगतीत पान वाढलं जातंच. परदेशातल्या परिषदेकडून व्हिसासाठी येणारं निमंत्रणपत्र मात्र वेगळ्या जातीचं असतं. ते असतं तुमच्या नावाचं, पण वाचणारा तिसराच, वकिलातीतला व्हिसा अधिकारी. तो तुम्हाला ओळखत नाही. परिषदेचा विषय त्याला कळावा अशी अपेक्षाही नाही. 'अगत्य येण्याचे करावे' या आग्रहाशी तर त्याला काहीच देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर तुमचा पासपोर्ट, भरलेला अर्ज, विमानाचं आरक्षण, विम्याचा कागद, नोकरीच्या ठिकाणचं पत्र आणि हे निमंत्रण असे पाच-सहा कागद असतात. ते सगळे एकच गोष्ट सांगताहेत का, हे तो ताडून पाहतो. पत्रिका वाचणं नव्हे, पत्रिका जुळवणं हे त्याचं काम.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सहकाऱ्यांच्या परदेशवारीची कागदपत्रं गेली काही वर्षं माझ्या डोळ्यांखालून जातात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. निमंत्रणपत्रावर सही आयोजकाची असली, तरी त्यातला मजकूर बहुतेक वेळा आपणच पुरवलेला असतो. परिषदेचा आयोजक म्हणजे एखादा प्राध्यापक, त्याचे दोन-चार विद्यार्थी, फार तर एखादी कार्यक्रम सांभाळणारी कंपनी. त्यांच्याकडे पत्राचा एक ठरलेला नमुना असतो आणि त्यातल्या रिकाम्या जागा ते आपण पाठवलेल्या माहितीने भरतात. आपण 'मला व्हिसासाठी पत्र हवं आहे, कृपया पाठवा' एवढंच लिहिलं, तर रिकाम्या जागा ते स्वतःच्या अंदाजाने भरतील. बहुतेक घोटाळे त्या अंदाजातून होतात.

हे एका उदाहरणावर पाहू. समजा, पुण्यातली एक संशोधक आहे, पासपोर्टवरचं नाव ज्ञानदा श्रीकांत कुलकर्णी. जर्मनीतल्या एका विद्यापीठात ८ ते ११ सप्टेंबर २०२६ या दिवसांत परिषद आहे, आदल्या दिवशी ७ तारखेला कार्यशाळा आहे. तिचा शोधनिबंध ५ जूनला स्वीकारला गेला. जर्मनी शेंगेन गटातला देश. म्हणजे तिला हवा आहे तो अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, ज्यावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

नावाचे रकाने

मराठी माणसाचं नाव तीन मजली असतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि वर आडनाव. भारतीय पासपोर्टवर मात्र रकाने दोनच, Surname आणि Given Name(s). मधल्या नावासाठी वेगळी जागाच नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक पासपोर्टांवर वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाशेजारी जाऊन बसतं. ज्ञानदाच्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात KULKARNI आणि दुसऱ्यात DNYANADA SHRIKANT असं आहे.

आता तिच्या इतर कागदांकडे पाहा. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, कुलकर्णी ज्ञानदा श्रीकांत. शोधनिबंधावर ती डी. एस. कुलकर्णी. ईमेलवर नुसती ज्ञानदा कुलकर्णी. आपल्या लेखी ही चारही नावं एकाच बाईची, त्यात प्रश्न येतोच कुठे? पण परिषदेच्या संगणकाला तिचं नाव कळलं ते निबंध पाठवण्याच्या यंत्रणेतून. तिथून ते नोंदणीच्या यादीत गेलं आणि यादीतून आपोआप पत्रात उतरलं. म्हणून पहिल्या पत्रात 'डॉ. डी. कुलकर्णी' आलं. पासपोर्टवर श्रीकांत आहे, पत्रावर नाही. पासपोर्टवर पूर्ण नाव आहे, पत्रावर एक अक्षर आणि टिंब. अधिकाऱ्याला वाटलं तर तो हे समजून घेईल. नाही वाटलं, तर कुलकर्णी आडनावाची दुसरी कुणी बाई या परिषदेला निघाली असावी, ही शंका काढायला त्याला वाव मिळतो.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहून अवघड आहे. 'ज्ञ' हे अक्षर मराठी माणूस Dny असं लिहितो आणि हिंदी भाषक Gy असं. वाघमारे कुणाचे V ने सुरू होतात, कुणाचे W ने. दीपकमधला 'दी' कुणी दोन e लावून लिहितो, कुणी एका i वर भागवतो. आयोजकाच्या कचेरीत बसलेल्या जर्मन विद्यार्थ्याला DNYANADA हे नाव वाचताना पहिली तीन व्यंजनं म्हणजे टंकलेखनाची चूक वाटू शकते आणि तो सद्हेतूने ती 'सुधारू'ही शकतो. म्हणून नाव ईमेलमध्ये पासपोर्टप्रमाणे मोठ्या लिपीत, रकान्यांच्या नावांसकट द्यायचं आणि 'हे स्पेलिंग असंच आहे' असं एक वाक्य जोडायचं.

आपल्या नावाची अधिकृत मांडणी कोणती, याबद्दल मनात शंका असेल तर पासपोर्टच्या माहितीपानाच्या तळाशी पाहावं. तिथे यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येक ओळीत ४४ खुणा. वरच्या ओळीतल्या पहिल्या पाच जागा कागदाचा प्रकार आणि देश यांच्यासाठी असतात, उरलेल्या ३९ नावासाठी. ज्ञानदाची ओळ अशी दिसेल:

```
P<INDKULKARNI<<DNYANADA<SHRIKANT<<<<<<<<<<<<
```

दोन कोनी खुणा एकत्र आल्या की आडनाव संपलं. एकच कोनी खूण म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. आडनाव कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं, याचा निवाडा या ओळीत होऊन जातो. नाव फारच लांब असेल तर ३९ जागांत मावत नाही आणि शेवटी कापलं जातं. तेव्हा नक्कल करायची ती वरच्या छापील रकान्यांवरून, आणि खालच्या ओळीचा उपयोग पडताळ्यापुरता.

दोन अडचणी पुन्हा पुन्हा येतात. पहिली, आडनावाचा रकाना कोरा असलेले पासपोर्ट. सगळं नाव दुसऱ्याच रकान्यात असतं, पण परिषदेचा नोंदणी अर्ज आडनाव भरल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. मग लोक तिथे टिंब देतात, किंवा नाव दोनदा लिहितात, आणि पत्रातही तेच येतं. अशा वेळी अर्जात नाइलाजाने काहीही भरलं असलं, तरी पत्राच्या विनंतीत 'पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, पत्रात पूर्ण नाव या क्रमाने लिहावं' असं वेगळं सांगावं लागतं. दुसरी अडचण लग्नानंतरच्या नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव, नोकरीच्या ठिकाणी सासरचं, आणि निबंधांवर पुन्हा माहेरचं. इथे नियम सरळ आहे. निमंत्रणपत्रावर पासपोर्टवरचंच नाव. निबंधावर वेगळं नाव छापलेलं असेल तर आयोजकाला विनंती करावी, की पासपोर्टवरच्या नावापुढे 'या नावाने लेखन करतात' असा एक उल्लेख पत्रात टाका. त्या एका ओळीमुळे कार्यक्रमपत्रिकेतली डी. एस. कुलकर्णी आणि पासपोर्टवरची ज्ञानदा श्रीकांत एकच ठरतात. नोकरीच्या ठिकाणचं नाव वेगळं असेल, तर संस्थेच्या पत्रात दोन्ही नावं आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला.

दोन प्रकारच्या तारखा

तारखांच्या बाबतीत चूक होते ती परिषदेच्या तारखा आणि प्रवासाच्या तारखा यांची सरमिसळ झाल्यामुळे. परिषद ८ ते ११. पण ज्ञानदा ५ तारखेला रात्री मुंबईहून निघणार, ६ तारखेला रविवारी जर्मनीत उतरणार, ७ ला कार्यशाळेला बसणार आणि १२ ला तिथून परत निघणार. शेंगेन प्रदेशात शिरण्याचा आणि तिथून बाहेर पडण्याचा, हे दोन्ही दिवस मुक्कामात मोजले जातात. म्हणजे तिचा मुक्काम ६ ते १२, सात दिवसांचा.

पत्रात नुसतं ८ ते ११ आलं, तर चार दिवसांचं निमंत्रण आणि सात दिवसांचा अर्ज असा फरक दिसतो. एक दिवस आधी पोचणं आणि दुसऱ्या दिवशी निघणं कुणालाही समजतं. पण ७ तारखेच्या कार्यशाळेचा उल्लेख नसेल, तर तो दिवस विनाकारण उघडा पडतो. म्हणून विनंतीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहायच्या. परिषदेच्या तारखा, आपण भाग घेणार असलेल्या जोड-कार्यक्रमांच्या तारखा आणि प्रवासाच्या तारखा. आयोजक पहिल्या दोन निश्चित लिहितो. प्रवासाच्या तारखा लिहील किंवा लिहिणार नाही, आणि तो त्याचा अधिकार आहे, कारण तुम्ही १२ तारखेला कुठे असाल याची हमी त्याने का द्यावी?

परिषद संपल्यावर 'एवढं गेलोच आहोत तर' म्हणून पॅरिस जोडायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यात गैर काही नाही. पण शेंगेनचा अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो. तो मुख्य मुक्काम दिवसांच्या संख्येवरून किंवा प्रवासाच्या हेतूवरून ठरतो. जर्मनीत सात दिवस आणि फ्रान्समध्ये नऊ, असा बेत आखून जर्मनीच्या परिषदेच्या जोरावर जर्मन वकिलातीत अर्ज केला, तर खरा हेतू कुठला, हा प्रश्न आपण स्वतःच उभा केलेला असतो. दोन-तीन दिवसांची जोड असेल तर ती अर्जात आणि प्रवासाच्या आराखड्यात मोकळेपणाने दाखवावी. तिचं समर्थन निमंत्रणपत्रात मागू नये. ते तिथे शोभत नाही, आणि आयोजक ते देतही नाही.

तारीख लिहायची कशी, हेही महत्त्वाचं. आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. अमेरिकी पद्धतीत महिना आधी. 08/09/2026 ही आपल्यासाठी ८ सप्टेंबर आणि अमेरिकेतल्या आयोजकासाठी ९ ऑगस्ट. जन्मतारखेत हाच गोंधळ झाला तर पत्रावरचा माणूस वेगळा ठरतो. म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा.

हेतू एका वाक्यात

युरोपीय संघाच्या २००९ सालच्या व्हिसा संहितेच्या परिशिष्टात, वैज्ञानिक किंवा सांस्कृतिक कार्यक्रमासाठी जाणाऱ्याने प्रवासाचा हेतू दाखवणारे कागद म्हणून निमंत्रण, नोंदणी किंवा कार्यक्रमपत्रिका द्यावी, आणि त्यात शक्यतो यजमान संस्थेचं नाव व मुक्कामाचा कालावधी असावा, असं म्हटलं आहे. म्हणजे अधिकारी या पत्रात शोधतो ती उत्तरं थोडीच आहेत. कोण येतंय, कुणाकडे, कधी आणि कशासाठी.

'कशासाठी' याचं उत्तर जितकं नेमकं तितकं चांगलं. 'परिषदेस उपस्थित राहण्यासाठी' हे खरं असलं तरी पातळ आहे. शुल्क भरून कुणीही उपस्थित राहू शकतं. 'स्वीकारलेला शोधनिबंध क्रमांक २१४ मौखिक सादर करण्यासाठी' यात तपासून पाहण्यासारखं काहीतरी आहे. निबंधाचं शीर्षक आणि क्रमांक कार्यक्रमपत्रिकेत सापडतो, नोंदणी क्रमांकाची आयोजकाकडे खातरजमा करता येते. उलट काही शब्द पत्रात नसलेले बरे. 'काम करण्यासाठी', 'प्रकल्पावर रुजू होण्यासाठी', 'प्रशिक्षणासाठी' असं काही उत्साही आयोजक लिहून जातात. वाचणाऱ्याला ती नोकरी वाटते आणि नोकरीचा व्हिसा वेगळा असतो.

हेतूला चिकटलेलाच प्रश्न म्हणजे पैसे कोण भरणार. बऱ्याच परिषदांच्या नमुना पत्रात शेवटी एक ठरीव वाक्य असतं, की सर्व खर्च सहभागी व्यक्ती स्वतः करील आणि आयोजकांवर कोणतीही आर्थिक जबाबदारी नाही. समजा ज्ञानदाचा खर्च तिची संस्था करणार आहे आणि तिने अर्जातही 'खर्च पुरस्कर्ता करेल' असंच भरलं आहे. मग पत्र एक सांगतं आणि अर्ज दुसरं. दोन्ही आपापल्या परीने खरे, पण जुळत नाहीत. आयोजकाने नोंदणी शुल्क माफ केलं असेल किंवा राहण्याची सोय केली असेल, तर तेवढाच उल्लेख पत्रात हवा, आणि बाकीचा खर्च कोण करणार हेही. इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. निमंत्रणपत्र म्हणजे हमीपत्र नव्हे. पाहुण्याच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी घेणारं हमीपत्र जर्मनीत वेगळं असतं, आणि त्यासाठी यजमानाला तिथल्या सरकारी कचेरीत जावं लागतं. परिषदेच्या आयोजकाकडे ते मागू नये.

विनंती कधी आणि कशी

आता दिवसांचा हिशेब मांडू. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी अर्ज करता येतो. अर्जावर निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक तपास हवा असेल तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. ज्ञानदा ५ सप्टेंबरला निघणार, त्याच्या ४५ दिवस आधी येते २२ जुलै. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर २२ जुलैच्या आत तिचे कागद व्हिसा केंद्रात जमा व्हायला हवेत. त्या दिवसांत केंद्रातल्या भेटीची वेळ मागाल त्या दिवशी मिळत नाही, म्हणून त्याआधी तीन-चार आठवडे हाताशी ठेवायचे. तसं मोजत गेलं की पत्र २६ जूनच्या सुमारास हातात पडलं पाहिजे. निबंध स्वीकारल्याचं कळलं ५ जूनला. म्हणजे पत्र मागायला, मिळवायला आणि दुरुस्त करून घ्यायला तिच्याकडे तीनच आठवडे आहेत. निबंध स्वीकारल्याच्या आनंदात पहिला आठवडा घालवणं परवडणारं नाही.

बऱ्याच परिषदा नोंदणी शुल्क भरल्याशिवाय पत्र देत नाहीत. हा अडेलपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. परिषदेच्या नावाखाली व्हिसा मिळवून तिकडे फिरकायचंच नाही, असं करणारे लोक असतात, आणि आपल्या पत्रांवर वकिलातीचा विश्वास राहावा ही आयोजकाचीही गरज असते. म्हणून शुल्क भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळतं का, किती कापून आणि कोणत्या तारखेपर्यंत? व्हिसाचं स्वतःचं शुल्क, प्रौढांसाठी ९० युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. ते निदान आधीच माहीत असतं.

परिषदेच्या संकेतस्थळावर पत्रासाठी वेगळा अर्ज असेल तर तोच भरावा. नसेल तर एकच ईमेल लिहावा आणि त्यात सगळं यावं. आज नाव, उद्या पासपोर्ट क्रमांक, परवा तारखा असे तुकडे पाठवले की तिकडे जोडणाऱ्याच्या हातून काहीतरी सुटतंच. सुरुवातीला दोन वाक्यांत विनंती आणि खाली नक्कल करून चिकटवता येईल अशी यादी:

```
Subject: Visa letter request, Paper 214, Reg. 0387

Surname (as in passport): KULKARNI
Given name(s): DNYANADA SHRIKANT
Date of birth: 14 March 1994
Nationality: Indian
Passport no.: ________  Valid until: 02 May 2031
Purpose: oral presentation of accepted Paper 214
Conference: 8-11 September 2026
Workshop: 7 September 2026
Travel: 6-12 September 2026
Costs: borne by my employer
Applying at: German Consulate General, Mumbai
Letter needed by: 26 June 2026
```

यात 'कुठे अर्ज करणार' ही ओळ लोक विसरतात. पत्र 'ज्याच्याशी संबंध असेल त्यास' असं मोघम येण्यापेक्षा नेमक्या वकिलातीच्या नावे आलेलं बरं. पासपोर्टची मुदतही इथेच तपासावी. शेंगेन प्रदेशातून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने तो वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मुदत संपत आली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढावा आणि मग पत्र मागावं. नव्या पासपोर्टाचा क्रमांक नवा असतो. जुना क्रमांक छापलेलं पत्र नव्या पासपोर्टाला जोडलं की पुन्हा तोच न जुळणारा कागद.

पत्राच्या स्वरूपाबद्दलही दोन गोष्टी मागून घ्याव्यात. संस्थेच्या नाममुद्रित कागदावर, तारीख घातलेलं, सही असलेलं पत्र. आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा व दूरध्वनी. शंका आली तर वकिलात तिकडे चौकशी करते, तेव्हा फोन उचलणारं कुणीतरी हवं.

एक सावधगिरीही हवी. परिषदांच्या सहभागींना हॉटेलचं आरक्षण आणि व्हिसाचं पत्र असं एकत्र देऊ करणारे परस्पर ईमेल येतात आणि ते आयोजकांचे नसतात. पासपोर्टची प्रत पाठवण्यापूर्वी ईमेलचा पत्ता परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळतो का, ते पाहावं.

पत्र आल्यानंतर

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याचं पत्र आलं, तेव्हा त्याच्या व्हिसा केंद्रातल्या भेटीला दोन दिवस उरले होते. आडनावात एक a कमी पडला होता. आयोजकाला लिहून उत्तर येईपर्यंत वेळ जाईल म्हणून त्याने पीडीएफ उघडून स्वतःच तो a घालायचं ठरवलं. दुरुस्ती खरी होती, हेतू स्वच्छ होता आणि काम दोन मिनिटांचं होतं. आम्ही त्याला थांबवलं. जोडलेल्या कागदांच्या खरेपणाबद्दल शंका येणं हेही व्हिसा नाकारण्याचं एक कारण असतं. वकिलातीने आयोजकाकडून मूळ प्रत मागवली असती, तर एका अक्षराची चूक फेरफार ठरली असती. त्याने तेव्हाच ईमेल पाठवला. त्यात लांबलचक तक्रार नव्हती, फक्त दोन ओळी होत्या. 'पत्रात असं छापलं आहे. पासपोर्टवर असं आहे.' वेळेच्या फरकामुळे तिकडे सकाळ होती आणि संध्याकाळपर्यंत नवं पत्र आलं. एरवी भेटीची तारीख पुढे ढकलावी लागली असती, आणि तेही परवडलं असतं.

पत्र कितीही निर्दोष असलं तरी ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, हेही समजून असावं. माणूस कशासाठी येतोय, एवढंच त्यातून कळतं. तो परत जाईल का, याचं उत्तर आयोजक देऊ शकत नाही. ते नोकरीच्या ठिकाणच्या पत्रातून, मंजूर रजेतून, बँकेच्या खात्यातून आणि आधीच्या प्रवासांतून मिळतं. २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेच्या वेळी अनेक प्रतिनिधींना, त्यातही आफ्रिकेतून येणाऱ्यांना, कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला किंवा वेळेत मिळालाच नाही, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. परिषद नामांकित आहे म्हणून व्हिसा मिळेलच, असं नसतं.

देश बदलला की पत्राचं वजनही बदलतं. अमेरिकेच्या पर्यटक-व्यावसायिक व्हिसासाठी निमंत्रणपत्र मुळात सक्तीचं नाही. मुलाखतीत हेतू सांगताना जवळ असलेलं बरं, एवढंच. जपानमध्ये उलट. तिथे निमंत्रणाचं कारण आणि मुक्कामाचा दिवसवार तक्ता यांचे ठरलेले नमुने असतात आणि ते जपानी यजमानानेच भरून द्यायचे असतात, त्यामुळे तिथे आयोजकाला जास्त वेळ द्यावा लागतो. कॅनडात सरकारकडे नोंदवलेल्या मोठ्या कार्यक्रमांना एक सांकेतिक क्रमांक मिळतो. तो आयोजकाकडून मागून व्हिसाच्या अर्जात लिहायचा असतो. नमुना बदलतो, पण नाव, तारखा आणि हेतू जुळवण्याचं काम सगळीकडे तेच.

ते जुळवायची आमच्या कचेरीतली पद्धत साधी आहे. दोघांनी टेबलावर समोरासमोर बसायचं. एकाच्या हातात पासपोर्ट, दुसऱ्याच्या हातात पत्र. पासपोर्टवाल्याने नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, शब्द नाही, अक्षर. डी, एन, वाय, ए. पत्रवाल्याने प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. मग पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख, मुदत. मग अर्ज घ्यायचा, मग विमानाचं आरक्षण, मग विमा, आणि प्रत्येकातल्या तारखा पत्रातल्या तारखांशी ताडायच्या. स्वतःचं नाव स्वतः तपासू नये, असा आमचा नियम आहे. आपलं नाव आपल्याला इतकं पाठ असतं, की त्यात गाळलेलं अक्षरही डोळा आपसूक भरून घेतो. समोरच्याला ते पाठ नसतं, म्हणून त्याला ते दिसतं. वकिलातीतल्या अधिकाऱ्यालाही ते पाठ नसतं.